एकाच मापाचे दोन आकडे: इंच खरा की मिलिमीटर?

अमेरिकी कंपन्यांच्या यंत्रभागांच्या ड्रॉइंगवर बऱ्याचदा प्रत्येक माप दोनदा लिहिलेले असते, एकदा इंचात आणि शेजारी चौकटी कंसात मिलिमीटरमध्ये. काही ड्रॉइंगांवर हा क्रम उलटा असतो. पुणे-चाकणपासून कोल्हापूरपर्यंत परदेशी ग्राहकांसाठी भाग बनवणाऱ्या कारखान्यांत अशी ड्रॉइंगे येतात. दोन्ही आकडे एकाच लांबीचे असल्याने कोणताही वापरावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण गुणाकार करून पाहिला की ते पुष्कळदा तंतोतंत जुळत नाहीत.

ही तफावत इंचाच्या व्याख्येतून येत नाही. १९५९ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि इतर काही इंग्रजीभाषक देशांनी एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर असे ठरवले, आणि तेव्हापासून रूपांतरात संदिग्धता उरलेली नाही. तफावत येते ती आकडा पूर्ण करताना. डिझायनर एकाच एककात विचार करतो आणि दुसरा आकडा संगणक काढतो. तो किती दशांश स्थळांपर्यंत दाखवायचा, हे कुणीतरी एकदा ठरवून ठेवलेले असते. म्हणजे दोनपैकी एक आकडा मूळ असतो आणि दुसरा त्याची पूर्ण केलेली नक्कल. भाग मूळ आकड्यावर बनवायचा आणि तपासायचाही त्यावरच.

मूळ कोणता, हे सांगण्याची पहिली जागा म्हणजे टायटल ब्लॉक आणि त्याजवळच्या सर्वसाधारण टिपा. नीट काढलेल्या ड्रॉइंगवर तिथे स्पष्ट वाक्य असते: नियंत्रक मापे इंचात आहेत, कंसातली मिलिमीटरची मापे केवळ संदर्भासाठी आहेत. इलेक्ट्रॉनिक चिपच्या डेटाशीटमध्ये ही सवय चांगली रुजली आहे. काही उत्पादक तर पूर्ण केलेले आकडे डिझाइनसाठी वापरू नयेत, असेही छापतात. एकाच कंपनीच्या जुन्या धाटणीच्या चिपसाठी इंच नियंत्रक असतो आणि नव्या, छोट्या चिपसाठी मिलिमीटर. त्यामुळे एका ड्रॉइंगवरची टीप दुसऱ्याला गृहीत धरता येत नाही. टीप असेल तर प्रश्न तिथेच मिटतो, आणि आकड्यांचे रूप काहीही सुचवत असले तरी टीपच मानावी लागते.

अडचण येते ती टीप नसते तेव्हा. कंसाबाहेरचा आकडा मुख्य, हा संकेत सर्वत्र पाळला जातोच असे नाही. अशा वेळी आकडेच साक्षीला घ्यावे लागतात. समजा, एका शाफ्टवर बेअरिंगच्या बैठकीचा व्यास असा दिला आहे: .९८४ ते .९८५, आणि कंसात [२५.००२ ते २५.०११]. दोन्ही बाजूंनी रूपांतर करून पाहावे. २५.००२ ला २५.४ ने भागले की .९८४३ येते आणि २५.०११ ला भागले की .९८४७. तीन स्थळांपर्यंत पूर्ण केले की ते .९८४ आणि .९८५ होतात, म्हणजे ड्रॉइंगवरचेच आकडे. आता उलट जावे. .९८४ ला २५.४ ने गुणले की २४.९९४ मिळते आणि .९८५ ला गुणले की २५.०१९. कंसातल्या आकड्यांशी यांचा मेळ नाही. मिलिमीटरमधून इंच निघतो, पण इंचातून मिलिमीटर निघत नाही. याचा अर्थ मिलिमीटर मूळ आहे आणि इंचाचा आकडा तीन स्थळांवर छाटला गेला आहे.

भागाचे काम काय, हे पाहिले की या अनुमानाला बळ मिळते. २५ मिलिमीटर हे बेअरिंगच्या भोकाचे प्रमाणित माप आहे. कारखान्यांत सर्रास आढळणाऱ्या ६२०५ क्रमांकाच्या बेअरिंगचे भोक एवढेच असते. साध्या अचूकतेच्या बेअरिंगमध्ये ते २४.९९० ते २५.००० मिलिमीटरच्या दरम्यान भरते. शाफ्ट २५.००२ ते २५.०११ असेल तर तो प्रत्येक वेळी भोकापेक्षा थोडा मोठा राहतो आणि बेअरिंग दाबूनच बसते. तेच अपेक्षित आहे.

आता कामगाराने फक्त इंच वाचला तर काय होते? त्याने .९८४ चा शाफ्ट काढला, तर तो २४.९९४ मिलिमीटरचा होतो. भोक मोठ्या टोकाला असले की सहा मायक्रॉन मोकळीक उरते आणि चालू यंत्रात बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर हळूहळू घसरत फिरू लागते. बैठक चकाकते, झिजते आणि शाफ्ट निकामी होतो. उलट .९८५ धरला तर शाफ्ट ठरलेल्या कमाल मापापेक्षा आठ मायक्रॉनांनी मोठा निघतो, बेअरिंग गरजेपेक्षा जास्त घट्ट बसते आणि तापते. मूळ मर्यादांमध्ये केवळ नऊ मायक्रॉनांचे अंतर होते. इंचात लिहिताना ते एक थाऊ, म्हणजे सुमारे पंचवीस मायक्रॉन झाले. तपासनीसानेही इंचाचाच मायक्रोमीटर लावला, तर हे दोन्ही शाफ्ट बिनदिक्कत पास होतील. दोष दिसेल तो थेट जुळणीच्या वेळी किंवा यंत्र चालू झाल्यावर.

या दुहेरी रूपांतराच्या परीक्षेला मर्यादा आहेत. कंसात मिलिमीटर एकाच दशांश स्थळापर्यंत असते, उदाहरणार्थ .९८४ [२५.०], तर दोन्ही दिशांनी रूपांतर जुळते आणि काहीच सिद्ध होत नाही. १.००० [२५.४०] सारख्या जोडीचेही तसेच. म्हणून एका मापावर निर्णय न घेता ड्रॉइंगवरची अनेक मापे तपासावीत. एकाच ड्रॉइंगवर काही मापे एका दिशेने जुळत असतील आणि काही दुसऱ्या, तर बहुधा दोन वेगवेगळ्या स्रोतांतून मापे उचललेली असतात. आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे: फरक पूर्ण करण्याने समजावता येतो का? इंच तीन स्थळांवर पूर्ण केला तर चूक जास्तीत जास्त अर्धा थाऊ, म्हणजे सुमारे १३ मायक्रॉन असू शकते. फरक त्याहून मोठा असेल आणि मिलिमीटरच्या आकड्यातली सूटही त्याला पुरत नसेल, तर ती पूर्णांकनाची गोष्ट नव्हे. कुणीतरी एक आकडा बदलला आणि दुसरा तसाच राहिला, अशी शंका घ्यावी.

टॉलरन्सच्या बाबतीत हाच प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. ±.००५ इंच म्हणजे ±०.१२७ मिलिमीटर, पण दोन स्थळांवर तो ±०.१३ दिसतो. एखादा भाग मध्यापासून ०.१२९ मिलिमीटर सरकला असेल, तर कंसातल्या आकड्यानुसार तो चालतो आणि मूळ इंचानुसार नाकारला जातो. म्हणून रूपांतरित मर्यादा नेहमी आतल्या बाजूला पूर्ण कराव्यात: वरची मर्यादा खाली, खालची वर. मग कंसातल्या मापात बसलेला भाग मूळ मर्यादेबाहेर जाऊच शकत नाही.

आकड्यांवरून काढलेले हे निदान कितीही पक्के वाटले तरी ते अनुमानच असते. ड्रॉइंग बदलण्याचा अधिकार ते काढणाऱ्याचा आहे. म्हणून गुणोत्तरे, बेअरिंगचा क्रमांक आणि निघालेला फरक एका पानावर मांडून ग्राहकाला लेखी विचारावे, आणि उत्तर तोंडी न घेता सुधारित ड्रॉइंगच्या किंवा सहीच्या टिपेच्या रूपात मागावे. उत्तर येईपर्यंत थांबणे शक्य नसेल, तर दोन्ही मर्यादांच्या सामाईक पट्ट्यात माप ठेवावे. वरच्या शाफ्टमध्ये २५.००२ ते २५.०११ हा संपूर्ण पट्टा इंचाच्या मर्यादांमध्येही बसतो, त्यामुळे तो शाफ्ट कोणत्याही बाजूने वाचला तरी स्वीकारला जाईल. सामाईक पट्टा उरतच नसेल, तर काम सुरू न केलेलेच बरे.