नुसता गड, नुसते घोडे

चांद्याच्या गोंड राजांच्या गडांवर लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून गडचांदूरजवळच्या माणिकगडावर गेलो. काळ्या दगडाचा दरवाजा, त्यावर कोरलेला नाग, आत झुडपांनी गिळलेली तटबंदी. चढ असा, की वरून दगड लोटले तरी फौज अडावी. तरीही १६६७ मध्ये मोगल सरदार दिलेरखान आला, तेव्हा चांद्याच्या राजाने त्याला भेटून जबर खंडणी कबूल केली. माणिकगड पाडण्याचा हुकूमही निघाला.

हाच दिलेरखान दोन वर्षं आधी पुरंदराला वेढा घालून बसला होता. तिथेही मोगलांचीच सरशी झाली आणि शिवाजी महाराजांनी तेवीस किल्ले दिले. मात्र १६७० मध्ये सिंहगड आणि पुरंदर परत आले. त्याच वर्षी ऑक्टोबरात सुरत आणि पुढे वऱ्हाडातलं कारंजं लुटलं गेलं. चांद्याला असा उलटा वार जमला नाही. का?

उत्तर गडात नाही, पागेत आहे. महाराजांच्या पागेची मांडणी सभासदाने दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. त्यांच्यामागे एक पखालजी आणि एक नालबंद. घोड्याला पाणी आणि पायाला नाल, दोन्ही सोबतच. त्यामुळे तुकडी कुणासाठी खोळंबत नसे. दसऱ्याला स्वार मुलुखगिरीला निघत, आठ महिने शत्रूच्या मुलखात पोट भरत आणि पावसाळ्याला छावणीत परतत. निघताना प्रत्येकाच्या सामानाची यादी होई, परतल्यावर झडती. जास्त निघालं ते सरकारजमा. म्हणजे लूट हा राज्याचा वसूल होता, आणि गड तो वसूल सांभाळणारी तिजोरी. शत्रू तिजोरीला वेढा घालून बसला, की स्वार त्याचीच बाजारपेठ गाठत.

चांद्याची तिजोरी इरई-झरपटच्या काठी सपाटीवर, शहराच्या कोटाआड होती. रान आसरा देई, पण मोगलांच्या पेठांवर चालून जाईल अशी पागा रानातून उभी राहत नाही. माझ्या मते, राजाने खंडणी कबूल केली ती यामुळे.

गड आणि पागा यांच्या या मराठी यंत्राचे दोषही तिथेच आहेत. स्वारांचं पोट परमुलखावर, म्हणजे तिथल्या रयतेवर भरे. आणि गड गेले की घोडे नुसते पळत राहत. १८१८ मध्ये इंग्रजांनी सिंहगड, पुरंदर घेतले, तेव्हा दुसरा बाजीराव घोडदळ घेऊन चांद्याच्या रोखाने येत होता. १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल ॲडम्सने त्याला गाठून उधळलं. २० मेला त्याच ॲडम्सने तटाला खिंडार पाडून चांदा घेतलं.

१६६७ मध्ये चांद्याजवळ गड होता, पण लांबवर मार करणारी पागा नव्हती. १८१८ मध्ये बाजीरावाकडे घोडे होते, परतायला गड नव्हता. दोघंही हरले.