एकच प्रश्न, तीन तोंडांनी

यूपीएससीच्या व्यक्तिमत्त्व चाचणीला 275 गुण असतात. दिल्लीच्या धोलपूर हाऊसमध्ये अध्यक्ष आणि साधारण चार सदस्य समोर बसतात आणि सगळ्यांपुढे उमेदवाराचा तोच सविस्तर अर्ज असतो. साहजिकच प्रश्न एकमेकांत गुंततात, कधी सदस्यांचं आपसातही पटत नाही. एमपीएससीच्या मुलाखतीतही हे घडू शकतं.

समजा, उमेदवार सोलापूरचा आहे. एक सदस्य विचारतात, ‘‘दुष्काळी जिल्ह्यात ऊस कशाला?’’ उत्तर संपायच्या आत दुसरे म्हणतात, ‘‘मग शेतकऱ्यानं लावायचं काय?’’ थोड्या वेळानं तिसऱ्या मॅडम विचारतात, ‘‘म्हणजे तुम्ही उसावर बंदी घालाल?’’

इथं बहुतेक मुलं घसरतात. पहिल्यांना ‘ऊस कमी करावा’ म्हणतात, दुसऱ्यांना ‘शेतकऱ्याचंही बरोबर आहे’ म्हणतात आणि मॅडमपर्यंत पोचेस्तोवर स्वतःचं मत हरवून बसतात. खरं तर दोघा सदस्यांचा वाद वेगवेगळ्या गोष्टींचा आहे. पहिले पाण्याबद्दल बोलतायत: आडसाली ऊस सोळा-अठरा महिने शेतात उभा राहतो. दुसरे पैशाच्या खात्रीबद्दल: उसाला एफआरपी आहे आणि ऊस घातल्यावर 14 दिवसांत पैसे देणं कारखान्याला कायद्यानं बंधनकारक आहे. हे पैसे अनेकदा थकतात, हे खरं. पण तुरीला हमीभाव जाहीर होऊनही सगळा माल त्या भावानं विकला जाईल याची हमी नसते.

हे वेगळेपण बोलून दाखवलं की उत्तर सापडतं: ‘‘सर, पाण्याचा मुद्दा मला मान्य आहे. पण शेतकरी उसाकडे वळतो तो खात्रीच्या पैशासाठी. म्हणून बंदी नको. आहे त्या उसाला ठिबक आणि तुरीची खरेदी पक्की, हे आधी करावं.’’ मॅडमनाही हेच मत द्यायचं, फक्त बाजू नवी: बंदी घातली तर कारखान्याचं आणि तोडणी मजुरांचं काय होईल. ‘मी आत्ताच सांगितलं’ हे वाक्य मात्र टाळायचं. आधीचं उत्तर त्यांना अपुरं वाटलेलं असू शकतं. मध्येच कुणी तोडलं तर ‘‘सर, एक वाक्य पुरं करून आपल्याकडे येतो’’ एवढं पुरतं. सदस्यानं नवी माहिती दिली तर मत जरूर बदलावं, पण कशामुळे बदललं ते सांगून.

याचा सराव एकट्यानं होत नाही. तीन मित्र बसवा. दोघांना भांडायला सांगा, तिसऱ्यानं जुनाच प्रश्न शब्द बदलून दहा मिनिटांनी विचारावा. सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि ऐकताना त्या प्रश्नाची दोन्ही उत्तरं कागदावर शेजारीशेजारी लिहा. दुसऱ्या उत्तरात नवं कारण आलं असेल तर ठीक. नवंच मत आलं असेल, तर नेमक्या कुठल्या सदस्याच्या वाक्यानंतर ते फिरलं, तिथं खूण करा आणि तेवढाच भाग पुन्हा बसून करा.