‘मिळाले, धन्यवाद’ एवढ्यावर बाकी उभी राहत नाही

कुपवाड एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपचे आणि साताऱ्यातल्या काही ठेकेदारांचे हिशेब मी बरीच वर्षं लिहितो. एक वाक्य मला दर महिन्याला ऐकू येतं: “निम्मे आलेत ना, मग आत्ता बाकीचं काढू नका. पार्टी दुखावेल. बिलात आकडा आहेच की.” मग मालक मोबाईलवर ‘पैसे मिळाले, धन्यवाद साहेब’ एवढं टाकतो आणि विषय संपला असं मानतो. वर्षअखेरीला मी खातेउतारा मागवतो, तेव्हा आपल्या वहीतली येणे बाकी आणि त्यांच्या वहीतली देणे बाकी जुळत नाही. एखादी चूक शोधण्यात दोन दिवस जातात. ती ज्या दिवशी झाली त्या दिवशी दुरुस्त करायला पाच मिनिटं पुरली असती.

बाकी लिहून कळवणं म्हणजे तगादा, ही समजूत मुळातच चुकीची आहे. सांगली मार्केट यार्डात हळद विकून आलेल्या शेतकऱ्याला अडत्या पट्टी देतो. तीत वजन असतं, दर असतो, हमाली-तोलाई वजा केलेली असते आणि शेवटी हाती येणारा आकडा असतो. ती पट्टी वाचून कोणाचा अपमान होत नाही. उलट ती दिली नाही तर शंका येते. बिलाचे अर्धे पैसे आल्यावर जे उत्तर जातं, ती आपली पट्टीच असते. समोर कंपनी असेल तर तिच्या अकाउंट विभागाला हा आकडा हवाच असतो. जीएसटीच्या नियमानुसार बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पुरवठादाराला पैसे दिले नाहीत, तर न दिलेल्या भागावर घेतलेलं क्रेडिट त्यांना व्याजासह परत करावं लागतं. आपण बाकी स्पष्ट कळवतो, तेव्हा त्यांचंही काम होतं.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझे आहेत, पण प्रकार रोजचा. कुपवाडच्या एका फॅब्रिकेटरने साताऱ्यातल्या एका कंपनीसाठी शेडचं काम केलं. १२ ऑक्टोबरचं बिल क्रमांक ११२: दीड लाख आणि १८ टक्के जीएसटी धरून १,७७,००० रुपये. २० नोव्हेंबरचं बिल क्रमांक १३१: ८०,००० आणि जीएसटी मिळून ९४,४००. एकूण २,७१,४००. १८ फेब्रुवारीला खात्यात १,००,००० रुपये आले. निरोप नाही, बिल क्रमांक नाही, फक्त बँकेचा एसएमएस.

मालकाने मला विचारलं असतं तर मी आधी सांगितलं असतं की २६ एएस उघडा. कंपनीने टीडीएस कापला असेल तर तेवढी रक्कम आपल्याला मिळालेलीच असते, फक्त सरकारमार्गे. फॅब्रिकेटर स्वतःच्या नावावर धंदा करतो, म्हणून ठेकेदारीवर १ टक्का. आणि बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापतात, एकूण बिलावर नाही. म्हणजे पहिल्या बिलावर १,५०० आणि दुसऱ्यावर ८००. ते धरलं नाही आणि ‘बाकी १,७१,४००’ असं लिहून पाठवलं, की कंपनीचा अकाउंटंट पहिल्याच ओळीत चूक काढतो. मग बाकीचे खरे आकडेही संशयात येतात आणि पुढचे तीन आठवडे ‘तपासून सांगतो’ यावर जातात. खरी बाकी १,६९,१०० आहे.

आता हे लाख रुपये कुठल्या बिलात जमा करायचे? बहुतेकजण हा प्रश्न विचारतच नाहीत, आणि पुढची भांडणं इथूनच सुरू होतात. १८७२ च्या करार कायद्यात कलम ५९ ते ६१ याच गोष्टीसाठी आहेत. देणाऱ्याने सांगितलं की हे पैसे अमुक बिलाचे, आणि आपण ते घेतले, तर त्याच बिलात जमा करावे लागतात. त्याने तोंडाने सांगितलं नाही तरी रकमेवरून तसं दिसत असेल तर तेही चालतं. कायद्यातच उदाहरण आहे: अनेक देण्यांपैकी एक देणं ५६७ रुपयांचं आहे, त्याची मागणी केली आणि नेमके ५६७ आले, तर ते त्याच देण्याचे समजायचे. तेव्हा उद्या खात्यात नेमके ९३,६०० आले, तर ते बिल १३१ चे आहेत हे ओळखा आणि गुपचूप ११२ ला जमा करू नका. देणाऱ्याने काहीच सूचित केलं नाही, तर ठरवायचा हक्क आपल्याला मिळतो. आपणही ठरवलं नाही तर मात्र जुन्या देण्यात आधी, या क्रमाने ते धरले जातात.

इथे लाखाची गोल रक्कम आली आहे, म्हणजे हक्क आपला. समजा कंपनीची दुसऱ्या बिलाबद्दल काही तक्रार आहे, पत्रा वाकला वगैरे. आपण काही लिहिलं नाही, तर सहा महिन्यांनी ते म्हणू शकतात की १३१ चा वाद मिटवून त्याचेच पैसे दिले होते, आणि आता वाद ११२ चा आहे. आपण त्याच दिवशी ‘११२ मध्ये जमा केले’ असं लिहिलं असेल, तर या बोलण्याला जागा राहत नाही. उत्तर एवढंच हवं:

“आदरणीय साहेब, नमस्कार. आज १८ फेब्रुवारी रोजी आमच्या खात्यात १,००,००० रुपये मिळाले, आभारी आहोत. ही रक्कम १२ ऑक्टोबरच्या बिल क्र. ११२ मध्ये अंशतः जमा केली आहे. टीडीएस १,५०० वजा जाता त्या बिलाचे ७५,५०० रुपये बाकी आहेत. २० नोव्हेंबरच्या बिल क्र. १३१ चे, टीडीएस ८०० वजा जाता, ९३,६०० रुपये बाकी आहेत. एकूण बाकी १,६९,१०० रुपये. ती १० मार्चपर्यंत मिळावी ही विनंती. आपल्या वहीशी काही फरक असल्यास कृपया कळवावे; बरोबर असल्यास ‘बाकी मान्य’ असे सहीनिशी उत्तर द्यावे.”

यात ‘अंशतः’ हा शब्द मी कधीच गाळू देत नाही. आणि ‘उरलेले सवडीने द्या’ हे कितीही गोड वाटलं तरी लिहू देत नाही, कारण बिलावर छापलेली मुदत आपणच आपल्या हाताने सोडल्यासारखं होतं. ‘सुमारे पावणेदोन लाख’ असंही नको. ‘सुमारे’ म्हटलं की आकडा घासाघीस करायला मोकळा होतो.

दुसरी समजूत याच्या अगदी उलट टोकाची आहे, आणि तीही लोकांना छळते: “अर्धे पैसे घेतले की उरलेल्यावरचा हक्क गेला.” नाही. अर्धे पैसे अर्धे म्हणूनच आले असतील, तर ते घेतल्याने उरलेलं येणं बुडत नाही. बुडतं ते अट घालून पाठवलेले पैसे अटीसकट घेतल्यावर. करार कायद्याचं कलम ६३ सांगतं की पाच हजारांच्या देण्यात समोरच्याने संपूर्ण फेड म्हणून दोन हजार दिले आणि आपण ते तसेच स्वीकारले, तर सगळं देणं मिटलं. भगवती प्रसाद पवन कुमार विरुद्ध भारत सरकार या खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयासमोर हेच आलं. रेल्वेने कमी रकमेचे चेक पाठवले होते आणि सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की मान्य नसेल तर चेक परत करा, नाहीतर संपूर्ण दाव्यापोटी स्वीकारले असं समजू. पेढीने चेक वटवले आणि नंतर हरकत घेतली. न्यायालय म्हणालं, हरकत चेक वटवायच्या आधी घ्यायला हवी होती.

म्हणून चेकसोबत ‘फुल अँड फायनल’, ‘हिशेब मिटला’, ‘खातं क्लिअर’ असं काही आलं, तर चेक बँकेत टाकण्याआधी उत्तर गेलं पाहिजे. बँकेतून थेट जमा झालेल्या पैशांत ही सोय नाही, पैसे आपल्याला न विचारता येतात. अशा वेळी निरोप दिसल्याबरोबर, त्या पैशांना हात लावायच्या आत लिहा: “ही रक्कम अंशतः म्हणून जमा करत आहोत. पूर्ण हिशेब म्हणून आम्हाला मान्य नाही. आपला तसाच आग्रह असल्यास रक्कम परत करू.” रक्कम मोठी असेल तर हे वाक्य पाठवण्यापूर्वी वकिलाला दाखवा. आणि अशा निरोपाला उलट ‘धन्यवाद साहेब’ हे एकच उत्तर गेलेलं मी पाहिलं आहे. त्या माणसाचं काम चोख होतं, बिल चोख होतं, आणि तरी त्याच्या बाजूने दाखवायला कागद राहिला नाही. त्या दिवसापासून मी यावर चिडून बोलतो.

किरकोळ समजुती बऱ्याच आहेत. पावतीवर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट लावलं की बाकी पक्की होते असं काहींना वाटतं. ते तिकीट ५,००० रुपयांवरच्या पावतीची स्टॅम्प ड्युटी आहे, बाकीशी त्याचा संबंध नाही. मुदतीत पैसे आले नाहीत तर व्याज मागणं म्हणजे दादागिरी असंही म्हणतात. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगाला ते २००६ च्या कायद्यानेच मिळतं, आणि करारात काहीही लिहिलं तरी ४५ दिवसांपुढची मुदत तो कायदा मानत नाही.

एक समजूत मात्र एका ओळीत सोडता येत नाही: “अधूनमधून दहा-वीस हजार येत राहिले की तीन वर्षांची मुदत आपोआप पुढे सरकते.” अशा कामाच्या पैशांसाठी दावा तीन वर्षांत लावावा लागतो हे खरं. थोडी रक्कम दिल्याने ती मुदत नव्याने सुरू होऊ शकते हेही खरं, पण १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १९ त्याला अट घालतं: त्या भरण्याची नोंद देणाऱ्याच्या हस्ताक्षरात किंवा त्याच्या सहीने हवी, आणि भरणा मूळ मुदत संपायच्या आत झालेला हवा. आपण फाडलेल्या पावतीने, आपल्या वहीतल्या जमेने किंवा आपण पाठवलेल्या वरच्या पत्राने मुदत वाढत नाही. वाढते ती त्यांच्या सहीने. वरच्या पत्रातली ‘बाकी मान्य’ची ओळ त्यासाठीच आहे. ते उत्तर आलं नाही, तर मी दर ३१ मार्चला बाकी मान्यतेचं पत्र दोन प्रतींत पाठवायला लावतो आणि एक प्रत सही-शिक्क्यानिशी परत मागतो. मोठ्या कंपन्यांना ऑडिटसाठी असं पत्र लागतंच, म्हणून तिथून सही बहुधा मिळते. छोट्या पार्टीकडे मात्र साताऱ्याला जाणाऱ्या माणसाच्या हाती कागद देऊन, समोर बसून सही आणावी लागते.