धड्याखालच्या तीन ओळी

आमच्या बीदर-कलबुरगी भागात मराठी शाळेतून येऊन वाणिज्य शाखेत शिकणारे पुष्कळ विद्यार्थी आता आज्ञावली लिहायला शिकू लागले आहेत. वर्गात कन्नड आणि इंग्रजी, घरी मराठी, आणि संगणकाचा धडा मोबाइलवरच्या चित्रफितीत, असा आमचा त्रिवेणी संगम असतो. या चित्रफितीखाली काही ओळी लिहिलेल्या असतात: भाषेची आवृत्ती कोणती, आज्ञावलीची फाइल कोठे ठेवली आहे आणि कोणता विषय कितव्या मिनिटाला आहे. या नोंदीला मेटाडेटा म्हणतात. बहुतेक जण ती न वाचताच पुढे जातात. पण उत्तर चुकले म्हणजे चूक आपली की धड्याची, हे ठरवण्याचे साधन तीच आहे. ते कसे, हे एका लहान उदाहरणावरून सांगतो.

समजा एका जुन्या धड्यात दोन सत्रांची फी काढायला पुढील दोन ओळी शिकवल्या आहेत.

```
fee = input("Fee: ")
print fee * 2
```

चित्रफितीत शिक्षक ५००० टाकतात आणि पडद्यावर १०००० येते. आपण आपल्या संगणकावर हुबेहूब तेच लिहितो, तर उत्तराऐवजी पुढील ओळ दिसते.

```
SyntaxError: Missing parentheses in call to 'print'
```

संगणक कंस मागतो आहे, म्हणून आपण `print(fee * 2)` असे करतो. आता तक्रार येत नाही, पण उत्तर येते ५०००५०००! पाच हजारांची दोन सत्रांची फी पाच कोटींवर गेली. इतका मोठा आकडा निदान डोळ्यांत तरी खुपतो. दुसऱ्या एखाद्या धड्यात ७ आणि ८ यांची सरासरी `(7 + 8) / 2` अशी काढली असेल, तर शिक्षकांना ७ मिळते आणि आपल्याला ७.५. येथे शंकाही येणार नाही.

कारण असे. धडा पायथनच्या दुसऱ्या पिढीत केलेला आहे आणि आपल्या संगणकावर तिसरी पिढी आहे. तिसरी पिढी डिसेंबर २००८ मध्ये आली आणि दुसरीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून थांबली. पण तिच्यावरचे धडे अजून फिरत आहेत. दुसऱ्या पिढीत `input` ने घेतलेला ५००० हा आकडा असे. तिसऱ्या पिढीत तो मजकूर असतो, आणि मजकुराला दोनने गुणले की तो दोनदा लिहिला जातो. पूर्णांकांचा भागाकारही पूर्वी अपूर्णांक टाकून देत असे. म्हणून आज पहिली ओळ `fee = int(input("Fee: "))` अशी लिहावी लागते. धड्याखाली ‘पायथन २.७’ एवढे लिहिलेले असते, तर हा घोळ दोन मिनिटांत उलगडला असता. आपल्याकडे कोणती आवृत्ती आहे हे पुढील आज्ञेने कळते.

```
python --version
```

काही संगणकांवर `python` ऐवजी `python3` लिहावे लागते. उत्तरात तीन आकडे येतात. त्यांतले पहिले दोन धड्याशी ताडून पाहावेत. तिसरा बहुधा किरकोळ दुरुस्त्यांचा असतो. मात्र आम्हां वाणिज्यवाल्यांना येथे एक सापळा आहे. ३.१० म्हणजे तीन रुपये दहा पैसे नव्हे. ती नववीनंतरची दहावी आवृत्ती आहे, म्हणजे ३.९ पेक्षा नवी. `match` ही सोय ३.१० मध्ये आली, ती ३.९ वर चालत नाही. एक्सेलच्या तक्त्यात ३.१० हा आकडा म्हणून भरला, तर शेवटचे शून्य गळून ३.१ उरते आणि नोंद खोटी होते. म्हणून तो रकाना मजकुराचा ठेवावा.

दुसरी ओळ फाइलच्या पत्त्याची. हे पत्ते बहुधा गिटहबवरचे असतात. आपल्याच उदाहरणात पुढे काय होते पाहा. कोणी तक्रार केली म्हणून शिक्षकांनी तेथील फाइल दुरुस्त करून `int(input(...))` अशी केली. दुरुस्ती योग्यच, पण चित्रफीत जुनीच राहिली. आता विद्यार्थी पडद्यावर एक पाहतो आणि फाइलमध्ये दुसरेच वाचतो. कारण पत्ता ‘सध्याच्या’ फाइलचा होता, धड्याच्या दिवशीच्या फाइलचा नव्हता. उपाय सोपा आहे. धडा तयार झाला की त्या दिवशीच्या स्थितीला एक खूण द्यावी.

```
git tag v1.0
git push origin v1.0
```

मग धड्याखाली त्या खुणेचा पत्ता द्यावा. एकाच फाइलचा पत्ता हवा असेल, तर गिटहबवर ती फाइल उघडून y ही कळ दाबावी. वरचा पत्ता बदलून त्या क्षणाच्या नोंदीचा कायमचा पत्ता होतो. पण फाइलींचा सारा संच मालकाने पुसला किंवा खासगी केला, तर हाही पत्ता निरुपयोगी ठरतो. म्हणून पत्ता देणाऱ्याने आपल्या खात्यातून बाहेर पडून तो एकदा उघडून पाहावा.

तिसरी ओळ वेळेची. रोजकीर्दीत खाते-पानाचा रकाना असतो, त्यावरून आपण नेमक्या खतावणीवर जातो. तसेच हे आहे.

```
00:00 धड्याची तयारी
01:20 input() ने फी विचारणे
04:10 मजकुराचा आकडा: int()
```

यूट्यूबवर अशा नोंदींतून प्रकरणे आपोआप पडतात, पण पहिली नोंद 00:00 असावी लागते, नोंदी किमान तीन आणि चढत्या क्रमाने असाव्या लागतात, आणि प्रत्येक प्रकरण निदान दहा सेकंदांचे असावे लागते. ‘भाग १, भाग २’ अशी नावे कामाची नाहीत. अडलेला विद्यार्थी `int` शोधत असतो, म्हणून तो शब्द नोंदीत हवा. चित्रफितीच्या सुरुवातीचे पंधरा सेकंद मागाहून कापले, तर पुढच्या सगळ्या वेळा पंधरा सेकंदांनी चुकतात. पहिली, मधली आणि शेवटची नोंद दाबून पाहिली की हे लगेच कळते.

आम्हां दोन भाषांत वावरणाऱ्यांसाठी या ओळीचा आणखी एक उपयोग आहे. मुंबईच्या आय.आय.टी.च्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लहान लहान धडे असतात आणि त्यांचे निवेदन अनेक भारतीय भाषांत केले जाते. निवेदनाच्या लेखी संहितेत एका रकान्यात वेळ आणि दुसऱ्यात वाक्य असते. मराठी काय किंवा कन्नड काय, निवेदन मूळ चित्राच्या वेळेशी जुळवलेले असते. त्यामुळे कन्नडमधून ऐकणाऱ्या मित्राला मी मराठीतून ऐकून चौथे मिनिट सांगितले, तर दोघांच्या पडद्यावर तेच चित्र येते. त्यांच्या एका मालिकेच्या नावातच ‘पायथन ३.४.३’ अशी आवृत्ती आहे. आरंभ करण्यापूर्वीच विद्यार्थ्याला आपली आवृत्ती ताडून पाहता येते. मात्र दोन भाषांत स्वतंत्रपणे बोलून केलेल्या चित्रफितींना ही सोय नसते. तेथे प्रत्येकीच्या वेळा वेगळ्या लिहाव्या लागतात.

तेव्हा उत्तर जुळले नाही तर हा क्रम धरावा. आधी आवृत्ती ताडावी, मग पत्त्यावरची फाइल पडद्यावरच्या ओळींशी ताडावी, आणि शेवटी वेळेच्या नोंदीवरून नेमका तो भाग पुन्हा पाहावा. तिन्ही जुळले आणि तरीही पाच हजारांचे पाच कोटी होत असतील, तर चूक बहुधा आपण लिहिलेल्या ओळीतच सापडेल.