एकसारख्या फोटोंची छाटणी

गूगल खात्यातली 15 जीबी मोफत जागा फोटो, मेल आणि ड्राइव्ह मिळून वापरतात. तंतोतंत सारखी फाइल संगणक तिच्या आशयावरून काढलेल्या हॅश या आकड्यावरून ओळखतो. पण व्हॉट्सॲपवरून आलेली प्रत दाबून लहान केलेली असते, त्यामुळे तिचा हॅश बदलतो. तिथे दृश्य साम्य मोजणारे साधन लागते. अशी प्रत नावावरूनही कळते: `IMG-20240115-WA0007.jpg`. मूळ 4 एमबीची असेल, तर ही बहुधा काहीशे केबीचीच. तारखेने मात्र ती मूळ फाइलपेक्षा नवी असते, म्हणून साधनातला ‘सर्वात नवी ठेवा’ हा पर्याय धोक्याचा. ठेवायची ती जास्त पिक्सेलची, फोटो काढल्याची तारीख शाबूत असलेली फाइल.

खरी जागा मात्र लागोपाठ टिपलेले फोटो खातात. बारशाचे 4 एमबीचे दहा फोटो असतील आणि दोनच ठेवले, तर 32 एमबी सुटतात. निवड छोट्या चित्रावरून करू नये. फोटो पूर्ण मोठा करून आधी डोळे पाहावेत: पापण्यांच्या कडा रेखीव आहेत की पुसट, हे तिथेच कळते. गूगल फोटोजमधून काढून टाकलेला फोटो सहसा फोनमधूनही जातो. बॅकअप झालेला असेल, तर तो 60 दिवस कचरापेटीतून परत आणता येतो.