उणे आलेला अल्फा

प्रकल्प सादर करायला आठवडा उरला असताना एक विद्यार्थिनी घाबरीघुबरी होऊन आली. "सर, माझा अल्फा उणे आलाय!" परीक्षेच्या भीतीवर तिनं प्रश्नावली केली होती. प्रत्येक विधानापुढे 'अजिबात नाही' ते 'पूर्णपणे' असे १ ते ५ गुण. त्या विधानांच्या गुणांची बेरीज म्हणजे त्या मुलाची भीती, असं ती धरून चालली होती.

पण बेरीज करायला आधी सगळी विधानं एकाच गोष्टीबद्दल बोलत असायला हवीत. ती तशी बोलतात का, याचा अंदाज देणारा आकडा म्हणजे क्रॉनबॅकचा अल्फा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ ली क्रॉनबॅक यांनी १९५१मध्ये तो मांडला. आज विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांत अंतर्गत सुसंगतीसाठी बहुधा हाच काढतात.

त्यामागची कल्पना मी तिला कागदावर पाच मुलं आणि चार विधानं घेऊन दाखवली. झोप लागत नाही, हात थरथरतात, पाठ केलेलं आठवत नाही, आणि चौथं, 'पेपर सोडवताना मी शांत असते.' चौथं विधान उलट्या दिशेचं आहे, हे लक्षात ठेवा. त्यावर ५ गुण देणारी मुलगी घाबरट नव्हे, निर्धास्त असते. म्हणून तिथले गुण ६मधून वजा करून घ्यायचे : ५चा १ होतो, ४चे २.

असे उलटवून घेतल्यावर पाच मुलांच्या बेरजा आल्या १८, १७, ११, ७ आणि ७. आता पाहायचं ते गुणांचं पसरणं, म्हणजे प्रचरण. चार विधानांची स्वतंत्र प्रचरणं होती २, १.२, १.६ आणि २, एकूण ६.८. बेरजांचं प्रचरण मात्र २२.४. ते इतकं मोठं का झालं? कारण जो मुलगा एका विधानावर वर, तो इतरांवरही वरच होता; सगळ्यांचे गुण एकाच बाजूला ओढत राहिले आणि बेरजा दूरदूर पांगल्या. विधानांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर बेरजांचं प्रचरण ६.८च्या आसपासच राहिलं असतं.

अल्फाचं सूत्र नेमकं हेच मोजतं. ६.८ला २२.४नं भागा, उत्तर १मधून वजा करा, मग विधानांच्या संख्येला त्याहून एकनं कमी संख्येनं भागून, म्हणजे इथे ४/३नं, गुणा. उत्तर ०.९३.

मग मी चौथं विधान मुद्दाम न उलटवता ठेवलं. त्या विधानाचं प्रचरण २च राहिलं, त्यामुळे विधानांची बेरीज ६.८च. पण मुलांच्या एकूण बेरजा झाल्या १६, १३, ११, ९, ११, कारण शांततेचे गुण भीतीचे गुण खाऊ लागले. बेरजांचं प्रचरण २२.४वरून ५.६वर घसरलं आणि अल्फा उणे ०.२९! तिनं तिची फाइल उघडली. तिच्या प्रश्नावलीत उलटी विधानं पाच होती, आणि एकही उलटवलेलं नव्हतं.

उणे अल्फा दिसला की पहिल्यांदा हेच तपासावं. विधान काढून टाकलं तर अल्फा किती होईल, हे सॉफ्टवेअर प्रत्येक विधानापुढे दाखवतं; पण अल्फा वाढतो म्हणून विधान वगळायचा मोह आवरावा. आधी ते विधान वाचा. चूक बहुतेक वेळा गुणांकनात किंवा भाषांतरात असते. 'मला भीती वाटत नाही असं नाही' असलं दुहेरी नकारी वाक्य मुलं घाईत उलटंच वाचतात.

अल्फा मोठा आला म्हणून हुरळून जाणंही चुकीचं. विधानं वाढवली की तो आपोआप चढतो. विधानांमधला सरासरी सहसंबंध फक्त ०.३ असला, तर पाच विधानांना अल्फा येतो ०.६८, दहांना ०.८१ आणि वीसांना ०.९०. जुळणी तीच, आकडा मात्र पदोन्नतीच्या यादीसारखा वर. म्हणून ०.७०ची रूढ रेघ ओलांडली की झालं, असं नाही. एकच वाक्य पाच तऱ्हांनी विचारलं तरी अल्फा ०.९५च्या वर जाईल, पण तेव्हा प्रश्नावलीनं फारसं काही विचारलेलंच नसेल. शिवाय विधानं एकमेकांशी जुळतात म्हणजे ती भीतीच मोजतात, असंही सिद्ध होत नाही. सगळी मिळून अभ्यास न झाल्याची रुखरुखही मोजत असतील.

तिनं पाचही विधानं उलटवून अल्फा पुन्हा काढला, आणि तो अधिक आला. अहवालात मात्र तिनं आधी मूळ प्रश्नावलीच्या माहितीपुस्तिकेतला अल्फा उतरवला होता. तो मी खोडायला सांगितला. अल्फा प्रश्नावलीचा नसतो, त्या त्या मुलांनी दिलेल्या उत्तरांचा असतो. पुण्यातल्या बारावीच्या मुलांचा आकडा गावातल्या आठवीच्या मुलांना लागू होईलच असं नाही. तुम्ही प्रकल्प करत असाल, तर तुमच्याच उत्तरांवरून काढलेला अल्फा, किती जणांवर काढला आणि कोणती विधानं उलटवली, हे तिन्ही लिहा.