मेगापिक्सेलचे पैसे मोजण्याआधी

पंधरा-सोळा हजारांच्या फोनच्या खोक्यावर ‘१०८ मेगापिक्सेल’ असं ठळक छापलेलं असतं. एरवी तो फोन शेजारचे नऊ-नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचाच फोटो साठवतो, कारण छोट्या सेन्सरवर एकेका पिक्सेलला प्रकाश फार कमी मिळतो. या किमतीत आकड्यासाठी जादा पैसे देऊ नका. २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्यासाठी तर मुळीच नाही.

पंचवीस हजारांच्या आसपास मात्र एक गोष्ट पैसे वसूल करते: ओआयएस. हात थरथरला की भिंग किंवा सेन्सर उलट दिशेने सरकतो. त्यामुळे शटर जास्त वेळ उघडं राहिलं, तरी दिवेलागणीनंतरचा फोटो हलत नाही. धावणारं मूल मात्र पुसटच येणार, त्यावर हा उपाय नाही. तपशिलात नुसतं ‘ईआयएस’ असेल, तर ती व्हिडिओच्या कडा कापून केलेली सॉफ्टवेअरची सोय आहे.

महागड्या फोनमध्ये ‘१०० पट झूम’कडे दुर्लक्ष करा, ऑप्टिकल झूम किती ते विचारा. तीन किंवा पाच पटींची वेगळी टेलिफोटो लेन्स असेल आणि तुम्ही खरंच दुरून फोटो काढत असाल, तरच तेवढी किंमत मोजा.